अकरा महिने थांबलेला गोवराचा डोस

करवीर तालुक्यातल्या एका गावातून आलेल्या आज्जींनी माझ्या टेबलावर प्लॅस्टिकची पिशवी उपडी केली, तेव्हा तिच्यातून माता व बाल संरक्षण कार्ड, हृदयाच्या सोनोग्राफीचे अहवाल आणि चार घड्या घातलेले डिस्चार्ज कार्ड बाहेर पडले. नातू अकरा महिन्यांचा होता आणि साध्या सर्दीसाठी आला होता. लसींचे विचारले, तर आज्जी अभिमानाने म्हणाल्या, "समद्या सुया झाल्यात बगा डॉक्टर, एक बी चुकवली न्हाई. नवव्या म्हैन्याच्या तर येळंवर झाल्या, आन् ताप सुदिक आला न्हाई." कार्डावरच्या खुणा पाहता त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मात्र डिस्चार्ज कार्डावरची तारीख वाचल्यावर त्यातल्या एका खुणेवर मला काट मारावी लागली.

बाळ आठ महिने दहा दिवसांचे असताना त्याला कावासाकी आजार झाला होता. या आजारात पाच दिवसांहून अधिक काळ ताप राहतो, डोळे व ओठ लाल होतात, आणि खरी भीती असते ती हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुगण्याची. त्यावरचा मुख्य उपचार म्हणजे शिरेतून दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन, आणि त्याची मात्रा वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम इतकी मोठी असते. बाळाचे वजन ८ किलो होते, म्हणजे त्याच्या रक्तात १६ ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन गेले. उपचार उत्तम झाला आणि धमन्या सुरक्षित राहिल्या. त्यानंतर तीन आठवड्यांनी, नऊ महिने पूर्ण झाल्यावर, आशाताईंनी घरी निरोप दिला आणि उपकेंद्रातल्या सत्रात बाळाला तीन इंजेक्शने मिळाली: गोवर-रुबेलाची म्हणजे एमआरची पहिली, न्यूमोकॉकल लसीचा बूस्टर आणि पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस. यातली नंतरची दोन ग्राह्य होती. एमआरचा डोस मात्र दिला नाही असेच धरावे लागणार होते, आणि तो पुन्हा देण्यासाठी अकरा महिने थांबावे लागणार होते.

एकाच दिवशी, एकाच बाळाला, एकाच सेविकेने व्यवस्थित दिलेल्या तीन लसींपैकी एक वाया जाते आणि दोन टिकतात, याचे कारण समजले की लसीकरणाच्या वेळापत्रकातल्या बहुतेक तारखांचा उलगडा होतो. म्हणून या बाळाचे कार्ड धरूनच पुढे जाऊ.

लसींचे जे तीन जुने प्रकार आहेत, त्यांच्यातला मूळ फरक असा आहे की शरीराला शत्रूची ओळख पटवण्यासाठी जो माल लागतो तो कोण तयार करतो. जिवंत लसीत क्षीण केलेला पण जिवंत विषाणू किंवा जीवाणू असतो. एमआर, बीसीजी, पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसची लस या जिवंत लसी आहेत. एमआरच्या एका डोसात गोवराच्या विषाणूचे किमान हजार संसर्गक्षम घटक असावे लागतात. हा आकडा मोठा वाटला तरी शरीराला जागे करण्याच्या दृष्टीने तो किरकोळ आहे. खरे काम होते ते विषाणू बाळाच्या पेशींत शिरून स्वतःच्या प्रती काढतो तेव्हा. मृत लसीत जंतू मारलेला असतो किंवा त्याचा एखादा तुकडाच घेतलेला असतो. इंजेक्शनचा पोलिओ, डांग्या खोकल्याचा घटक आणि न्यूमोकॉकल लस या गटातल्या आहेत. टॉक्सॉइड त्याहून निराळे. धनुर्वात आणि घटसर्प यांत जीव घेतो तो जंतूने सोडलेला विषारी पदार्थ, म्हणून तो पदार्थच फॉर्मालिनने निर्विष करतात, पण त्याची घडण अशी राखतात की शरीराला तो ओळखू यावा. मृत लस काय किंवा टॉक्सॉइड काय, सुईतून जेवढे गेले तेवढेच. ते वाढत नाही.

आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगायला मी ऊस आणि गूळ वापरतो. जिवंत लस म्हणजे लावणीची कांडी: थोडी लावली तरी शेत भरते, पण ती उगवली पाहिजे. मृत लस आणि टॉक्सॉइड म्हणजे गुळाची ढेप: घरात आणली तेवढीच, संपली की पुन्हा आणायची, पण तिला उगवायचे नसल्याने हुमणी लागण्याची भीती नाही. कांडीला जशी हुमणी, तशी जिवंत लसीला रक्तात आधीपासून असलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज. विषाणू पेशीत शिरण्याआधीच त्या त्याला गाठतात आणि निकामी करतात. मग वाढ नाही, ओळख नाही आणि पुढचे संरक्षणही नाही.

इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे हजार किंवा त्याहून अधिक रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून एकत्र काढलेली प्रतिपिंडेच असतात. त्या दात्यांपैकी बहुतेकांना लहानपणी गोवर झालेला असतो किंवा लस मिळालेली असते, त्यामुळे त्या बाटलीत गोवराविरुद्धची प्रतिपिंडे भरपूर असतात. ही प्रतिपिंडे साधारण तीन ते चार आठवड्यांत निम्मी होतात. हिशेब सोपा राहावा म्हणून चार आठवडे धरू. लस दिली त्या दिवशी, म्हणजे तीन आठवड्यांनंतर, दिलेल्यापैकी निम्म्याहून अधिक प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात होती. हजारभर विषाणू त्यांच्यापुढे किती टिकणार? अकरा महिने म्हणजे साधारण ४८ आठवडे, म्हणजे बारा वेळा निम्मे. निम्म्याचे निम्मे असे बारा वेळा केले, तर मूळच्या सुमारे चार हजारांश भाग उरतो, आणि तेवढ्यातून विषाणू निसटून वाढू शकतो. दर किलोला २ ग्रॅम या मात्रेनंतर गोवराच्या लसीसाठी ११ महिने थांबण्याचा जो नियम आहे, त्याच्यामागे हे असे गणित आहे. मात्रा कमी असेल तर थांबणेही कमी. जखमेनंतर धनुर्वाताचे मानवी इम्युनोग्लोब्युलिन टोचले असेल तर ३ महिने पुरतात आणि संपूर्ण रक्त चढवले असेल तर ६ महिने.

न्यूमोकॉकल बूस्टर आणि पोलिओचे इंजेक्शन मात्र या प्रतिपिंडांच्या गराड्यातही आपले काम करून गेले, कारण त्यांना कुठे वाढायचेच नव्हते. म्हणून त्यांच्या तारखा आम्ही जशाच्या तशा ठेवल्या. "मग त्या बाकीच्या बी वाया गेल्या म्हना की," असे आज्जींनी विचारले होते. त्यांना "नाही" म्हणताना मला बरे वाटले.

आता हीच गोष्ट इम्युनोग्लोब्युलिन न मिळालेल्या प्रत्येक बाळाच्या बाबतीतही घडत असते, फक्त तिथे दाता एकच असतो, तो म्हणजे आई. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईची प्रतिपिंडे नाळेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतर त्याच चालीने निम्मी निम्मी होत जातात. नऊ महिन्यांत, वरच्याच हिशेबाने, ती जवळजवळ दहा वेळा निम्मी झालेली असतात, म्हणजे मूळच्या सुमारे हजारांश उरतात. लहान बाळाला गोवराची लस सहाव्या आठवड्यात का देत नाहीत, या प्रश्नाचे मुख्य उत्तर हेच आहे. तेव्हा आईची हुमणी शेतात भरलेली असते.

पण मग वर्षभर का थांबत नाहीत? कारण आईची प्रतिपिंडे लसीला मारण्याइतकी उरतात आणि बाळाला वाचवण्याइतकी उरत नाहीत असा एक वाईट मधला काळ असतो, आणि आपल्याकडे त्या काळात गोवर बाळाला गाठतो. नऊ महिन्यांना दिलेल्या डोसाने सुमारे ८५ टक्के बाळांत संरक्षण तयार होते आणि बारा महिन्यांना दिला तर सुमारे ९५ टक्क्यांत. म्हणजे तीन महिने थांबलो तर शंभरात दहा बाळांचा अधिक फायदा होतो, पण थांबलेल्या सगळ्याच बाळांना ते तीन महिने उघड्यावर काढावे लागतात. जिथे गोवर फिरत नाही अशा देशांत बारा किंवा पंधरा महिने थांबणे परवडते. आपण नऊ महिने निवडले आणि राहिलेल्या पंधरा जणांसाठी १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस ठेवला.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, जो मला शिकलेल्या पालकांतही आढळतो. एमआरचा दुसरा डोस हा बूस्टर नव्हे. ज्या बाळाची पहिली लस उगवली, त्याला दुसऱ्या डोसाची फारशी गरज नसते, कारण त्याच्या रक्तातली प्रतिपिंडे त्या दुसऱ्या विषाणूला वाढूच देत नाहीत. हा डोस आहे तो पहिल्या वेळी न उगवलेल्यांसाठी. कोणाची उगवली आणि कोणाची नाही हे बाहेरून कळत नाही, आणि प्रत्येकाचे रक्त तपासण्यापेक्षा सर्वांना पुन्हा देणे सोपे आणि स्वस्त पडते. शेतकरी याला नांगी भरणे म्हणतो: सरीत जिथे कोंब आला नाही तिथे पुन्हा कांडी लावायची.

पेंटाव्हॅलंटचे तसे नाही. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मांडीत दिल्या जाणाऱ्या या लसीत पाच घटक आहेत: घटसर्प आणि धनुर्वात यांची टॉक्सॉइडे, डांग्या खोकल्याचे मारलेले जीवाणू, ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या विषाणूचे वरचे प्रथिन आणि हिब जीवाणूच्या कवचाचा तुकडा. यातले काहीच जिवंत नाही. आईकडून आलेली प्रतिपिंडे या लसीचा परिणाम थोडा मंदावतात, पण तिला मारू शकत नाहीत, कारण मारायला तिच्यात काही नाही. म्हणून ती लवकर सुरू करता येते. मात्र ढेप संपते, म्हणून पुन्हा पुन्हा आणावी लागते, आणि प्रत्येक वेळी शरीर निराळे वागते.

पहिल्या इंजेक्शननंतर सात ते दहा दिवस रक्तात मोजण्यासारखे काहीच दिसत नाही. मग घाईघाईने तयार झालेली, सैल पकडीची प्रतिपिंडे येतात, त्यामागून टिकाऊ प्रकारची येतात, आणि साधारण चौथ्या आठवड्याला त्यांचा छोटा शिखरबिंदू होऊन ती उतरू लागतात. केवळ मृत लसीच्या किंवा टॉक्सॉइडच्या एका डोसावर बाळ बहुधा संरक्षित होत नाही. दुसरा डोस चार आठवड्यांच्या आत दिला, तर पहिल्याने कामाला लावलेल्या पेशी अजून त्याच कामात गुंतलेल्या असतात आणि नव्या मालाचा पुरता उपयोग होत नाही. चार आठवड्यांनी दिला तर प्रतिपिंडांची पातळी पहिल्यापेक्षा वर चढते, आणि तिसऱ्याने आणखी वर. दोन डोसांत किमान चार आठवडे हे अंतर असे ठरते.

या सगळ्या काळात मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या लसिकाग्रंथींत एक संथ निवड चाललेली असते. लसीतल्या मालाला अधिक घट्ट पकडणारी प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी टिकतात, बाकीच्या मागे पडतात, आणि निवडलेल्यांपैकी काही पेशी स्मृती म्हणून राखून ठेवल्या जातात. या निवडीला चार ते सहा महिने लागतात. ती पूर्ण झाल्यावर जो डोस मिळतो त्याला खऱ्या अर्थाने बूस्टर म्हणावे. तेव्हा प्रतिपिंडे वर येण्यासाठी पहिल्या वेळेसारखा दहा दिवसांचा शुकशुकाट नसतो. चार ते सात दिवसांतच ती चढू लागतात, आधीपेक्षा कितीतरी उंच जातात आणि उतरतानाही सावकाश उतरतात. १६ ते २४ महिन्यांचा डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांचा, बूस्टर तिसऱ्या पेंटानंतर इतका उशिरा असतो त्याचे कारण हे. नुसत्या प्रतिपिंडांचा विचार केला, तर पहिले तीन डोससुद्धा जरा सावकाश आणि लांब अंतराने देणे अधिक चांगले ठरले असते. पण डांग्या खोकला सर्वांत जास्त मारतो तो दोन-तीन महिन्यांच्या बाळाला, आणि त्याच्यासाठी सहाव्या आठवड्यालाच सुरुवात करावी लागते. वेळापत्रक ही अशी तडजोड आहे.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. अंतर कमी झाले तर नुकसान होते. अंतर वाढले तर स्मृती पुसली जात नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांच्या पालांत अशी बाळे हमखास सापडतात. गेल्या हंगामात आलेल्या एका बाळाला गावी सहाव्या आठवड्याला पहिला पेंटा मिळाला होता आणि त्यानंतर थेट नवव्या महिन्यात ते आमच्यासमोर आले. आईला वाटत होते की सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागेल, आणि त्या भीतीनेच ती येत नव्हती. आम्ही त्याच दिवशी दुसरा पेंटा दिला, चार आठवड्यांनी तिसरा द्यायचा म्हणून तारीख लिहून दिली, आणि नऊ महिने झाले होतेच, म्हणून एमआरही त्याच दिवशी उजव्या दंडात दिली. पहिल्या डोसाच्या स्मृतिपेशी साडेसात महिने वाट पाहत होत्या, त्या कुठे गेल्या नव्हत्या. मधल्या काळात बाळ असुरक्षित राहिले हे खरे, पण दिलेला डोस फुकट गेला नाही.

टॉक्सॉइडचा स्वभाव सर्वांत स्वच्छ दिसतो तो धनुर्वातात. या रोगातून वाचलेल्या माणसालाही पुन्हा धनुर्वात होऊ शकतो, हे ऐकून लोक चकित होतात. गोवर एकदा झाला की आयुष्यभर होत नाही, मग हा कसा होतो? कारण धनुर्वाताचे विष इतके जहाल आहे की माणसाला मरणाच्या दारात नेणारी त्याची मात्रा प्रतिकारशक्तीला जागे करण्याइतकीही नसते. टॉक्सॉइड निर्विष असल्यामुळेच ते पुरेशा मात्रेत देता येते. म्हणजे इथे लस रोगापेक्षा चांगली शिकवण देते. शिवाय धनुर्वात एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे सगळ्या गल्लीने लस घेतली तरी न घेतलेल्याला तिचा आडोसा मिळत नाही.

प्रौढाला आधी कधीच टॉक्सॉइड मिळाले नसेल, तर पहिल्या डोसाने त्याला भरवशाचे संरक्षण मिळत नाही. चार आठवड्यांनी दुसरा मिळाला की एक ते तीन वर्षे, सहा महिन्यांनी तिसरा मिळाला की किमान पाच वर्षे, आणि त्यानंतर वर्षाच्या अंतराने चौथा मिळाला की किमान दहा वर्षे. अंतर वाढत जाते तसे संरक्षणही लांबत जाते, हे वरच्या निवडीच्या गोष्टीशी जुळवून पाहावे. २०१९ आणि २०२१च्या महापुरांत शिरोळ आणि करवीरमधली माणसे पाण्यातून बाहेर आल्यावर धनुर्वाताच्या सुईसाठी रांगा लावत होती. लहानपणचे डोस पूर्ण असलेल्यासाठी ती एक सुई आठवड्याभरात प्रतिपिंडे वर नेते, म्हणून ती उपयोगी आहे. पण ज्या साठीच्या शेतमजुराने आयुष्यात एकही डोस घेतलेला नाही आणि ज्याच्या तळपायात पत्रा घुसला आहे, त्याला त्या एका सुईवर घरी पाठवणे म्हणजे त्याला फसवणे. त्याला तयार प्रतिपिंडे, म्हणजे धनुर्वाताचे इम्युनोग्लोब्युलिन, दुसऱ्या जागी टोचावे लागते आणि उरलेले डोस पूर्ण करावे लागतात. टॉक्सॉइड आणि त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे एकाच दिवशी देता येतात, हे एमआरच्या बाबतीत अशक्य होते, हे ध्यानात आले असेलच.

गरोदर बाईला टीडीचे, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प यांच्या टॉक्सॉइडांचे, दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने देतात, तेही याच हिशेबाने. दुसरा डोस बाळंतपणाच्या किमान दोन आठवडे आधी झालेला असावा, म्हणजे आईची प्रतिपिंडे वर चढून नाळेतून पलीकडे जायला वेळ मिळतो आणि बाळाची नाळ कापताना ती त्याच्याजवळ असतात.

लस कोणाला देऊ नये, हा प्रश्न या फरकातूनच सोडवता येतो. जी लस वाढते तिला आवर घालणारे शरीर हवे. जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेले मूल, रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेले मूल, किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी रोज दर किलोला २ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दोन आठवडे वा अधिक काळ घेणारे मूल, यांना जिवंत लस देत नाहीत, कारण क्षीण केलेला विषाणूही तिथे मोकाट वाढू शकतो. स्टेरॉइड बंद झाल्यावर किमान महिनाभर थांबून मग देतात. गरोदर बाईलाही एमआर देत नाहीत. मृत लस आणि टॉक्सॉइड अशा मुलांना देता येतात. त्यांचा परिणाम कमी होईल, पण इजा होणार नाही.

बीसीजी जन्मतःच देतात आणि प्रतिकारशक्तीचा जन्मजात अभाव तेव्हा अजून कळलेला नसतो, ही एक अवघड जागा आहे. म्हणून नवजात बाळाच्या आईला मी एक प्रश्न विचारतोच: आधीचे एखादे मूल पहिल्या वर्षात वारंवारच्या जंतुसंसर्गाने गेले का? उत्तर "हो" असेल, तर बीसीजी आणि थेंब थांबवून आधी बाळाची तपासणी करावी.

आधीच्या डोसानंतर काही मिनिटांत अंगभर गांधी, धाप आणि रक्तदाब कोसळणे असा तीव्र प्रकार झाला असेल, तर ती लस, कोणत्याही प्रकारची असो, पुन्हा देत नाहीत. आणि पेंटानंतर सात दिवसांत दुसरे कारण नसताना मेंदूचा गंभीर विकार झाला असेल, तर पुढे डांग्या खोकल्याचा घटक वगळतात. खरी कारणे एवढीच मोजकी आहेत. सर्दी, थोडा ताप, पातळ शी, अँटिबायोटिक चालू असणे, कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे बाळ, घरात गरोदर बाई असणे, यांपैकी एकही कारण नाही. आमच्या भागात यातल्या सर्दीनेच सर्वांत जास्त डोस चुकतात असा माझा अनुभव आहे. कमी दिवसांच्या बाळाच्या लसी तर जन्मतारखेपासून मोजूनच देतात, कारण आईकडची प्रतिपिंडे त्याला कमी मिळालेली असतात आणि घाई उलट त्यालाच जास्त असते.

लसीचा प्रकार कुठला होता हे घरच्यांना तापाच्या वेळेवरूनही ओळखता येते. पेंटाचा ताप त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी येतो, मांडी दुखते, आणि एक-दोन दिवसांत सगळे निवळते, कारण जे गेले त्याच्यावरची ती तत्काळ प्रतिक्रिया असते. एमआरचा ताप आलाच तर पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतो, क्वचित अंगावर बारीक पुरळही दिसते, कारण तेवढे दिवस विषाणू वाढत असतो. आज्जींच्या नातवाला नवव्या महिन्यात ताप आला नव्हता. यावरून लस उगवली नाही असे सिद्ध होत नाही, कारण उगवलेल्या बहुतेक बाळांनाही ताप येत नाही. पण त्या दिवशी मला ती गोष्ट खटकली होती हे मान्य केले पाहिजे.

चूक कोणाची, हे विचारून फारसे हाती लागत नाही. सेविकेने कार्ड पाहून योग्य वयाला योग्य लस दिली; कार्डावर इम्युनोग्लोब्युलिन लिहायला वेगळा रकाना नाही. ज्या रुग्णालयात उपचार झाला तिथे डिस्चार्ज कार्डावर ऍस्पिरिनची मात्रा नीट लिहिली होती, पण "गोवर-रुबेलाची लस ११ महिने नको" ही ओळ राहून गेली होती. ती मी लसीकरण कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिली, आणि खाली तारखा मांडल्या. इम्युनोग्लोब्युलिन आठ महिने दहा दिवसांना, म्हणून एमआरचा खरा पहिला डोस एकोणीस महिने दहा दिवसांनंतर. डीपीटीचा बूस्टर आणि पोलिओचे थेंब त्यासाठी अडवायचे नाहीत, ते सोळा महिने झाले की लगेच. थेंब जिवंत असले तरी त्यांचे काम आतड्यात चालते, आणि रक्तातली प्रतिपिंडे तिथे आडवी येत नाहीत. एमआरचा दुसरा डोस पहिल्यानंतर किमान चार आठवड्यांनी, म्हणजे चोवीस महिन्यांच्या आत सगळे आरामात बसत होते. मधल्या काळात गावात गोवराची साथ आली, तर थांबायचे नाही, एमआर त्याही वेळी द्यायची आणि अकरा महिने झाल्यावर ती पुन्हा द्यायची, हेही खाली लिहून ठेवले. सुदैवाने तशी वेळ आली नाही.

एकोणीस महिने बारा दिवसांना उजव्या दंडात एमआर दिली. नंतर आठव्या दिवशी सकाळी आज्जींचा फोन आला. "डॉक्टर, पोराचं अंग जरा कडत लागतंय, सुईला तर आट दिस झालं की वो. त्ये काय त्याचंच हाय का?" मी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल सांगितले, खातोपितो का, धाप लागते का, पुरळ आहे का ते विचारले, आणि तीन दिवस वाट पाहायला सांगितले. दोन दिवसांत ताप उतरला.